काटेरी तारेचे रोल किती लागतील? फाटक आणि कोपरे धरून हिशोब कसा करावा

‘शेत किती एकर आहे?’ एवढेच विचारून जो काटेरी तारेचे रोल सांगतो, त्याचा आकडा ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा. तार क्षेत्रफळाला लागत नाही, घेराला लागते. एक एकराचे चौरस शेत असेल तर त्याची बाजू साधारण ६३.६ मीटर आणि घेर २५४ मीटर. तेच एक एकर २० मीटर रुंदीच्या लांबट पट्टीत असेल, तर पट्टी २०२ मीटर लांब होते आणि घेर जातो ४४४ मीटरवर. एकर तेवढाच, तार पावणेदोनपट.

दुसरा सल्लाही ठरलेला असतो: घेर गुणिले ओळी, आणि वर दहा टक्के. पहिल्यापेक्षा हा बरा, पण ते दहा टक्के कशाचे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. फाटकाची मोकळी जागा, कोपऱ्याच्या खांबाला मारायचे वेढे, सांधे, रोलच्या शेवटी उरणारे तुकडे, सगळे त्यातच कोंबलेले. मग एखाद्याकडे एक अख्खा रोल पडून राहतो आणि एखाद्याची शेवटची ओळ अर्ध्यावर थांबते.

खाली एकच शेत धरून पूर्ण हिशोब करतो. चार बाजू, पण चौकोन काटकोनी नाही: ९६, ७४, १०२ आणि ६८ मीटर. क्षेत्र पावणेदोन एकराच्या आसपास. ७४ मीटरच्या बाजूला ट्रॅक्टर-ट्रॉली जाईल असे ४ मीटरचे फाटक. तारेच्या पाच ओळी.

१. घेर मोजा, पण बाजूनिहाय

चारही कोपऱ्यांच्या खांबांच्या जागी खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत टेपने मोजा. कागदावरची हद्द मोजू नका, कुंपण प्रत्यक्ष जिथून जाणार ती रेषा मोजा. हद्दीपासून अर्धा मीटर आत खांब रोवणार असाल, तर काटकोनी चौकोनात प्रत्येक बाजू एक मीटरने कमी होते. चार बाजू आणि पाच ओळी धरल्या तर एवढ्यानेच २० मीटर तारेचा फरक पडतो.

चारही आकडे वेगवेगळे लिहून ठेवा. बेरीज करून मूळ आकडे विसरू नका, पुढे तेच लागणार आहेत. आणि सगळे एकतर मीटरमध्ये किंवा सगळे फुटांत. रोल मीटरवर आणि शेत फुटांवर, ही सरमिसळ पुढच्या सगळ्या हिशोबाचे वाटोळे करते.

उताराची काळजी लोक गरजेपेक्षा जास्त करतात. मोबाइलच्या नकाशावर मोजलेले अंतर आडवे असते, उतारावरची तार त्याहून लांब, हे खरे. पण दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर लांबी फक्त अर्ध्या टक्क्याने वाढते. दहाला दोन मीटर, म्हणजे चढताना दम लागेल असा उतार, तरी दोन टक्के. टेप जमिनीलगत धरून मोजले असेल तर हेही वाढवायचे कारण नाही.

२. ओळी ठरवा

ओळींची संख्या शेजारच्या कुंपणाकडे बघून ठरवू नका. दोन तारांत किती फट चालेल, त्यावरून ठरवा. गाय-म्हैस अडवायची तर खाली २५ सेंटिमीटरची फट चालते, वर ती ३० पर्यंत जाऊ शकते. २.१ मीटरचा खांब ६० सेंटिमीटर गाडला की वर दीड मीटर उरतो. त्यावर जमिनीपासून २५, ५०, ७५, १०० आणि १३० सेंटिमीटरवर तार ओढली की झाल्या पाच ओळी. जमीन आणि सर्वांत खालची तार यांमधली जागाही एक फटच आहे. ती मोजायला विसरलात की खालून वासरू सहज निघून जाते.

शेळ्यांसाठी फटी १५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवाव्या लागतात. ओळी सात-आठ होतात आणि तेव्हा जाळी लावणेच शहाणपणाचे. रानडुक्कर तर खालची तार थोबाडाने उचलून आत येते. नुसत्या काटेरी तारेवर त्याला थोपवू असे कोणी म्हणत असेल तर त्याने डुक्कर पाहिलेले नाही.

दोन खांबांमध्ये तिरपी तार, म्हणजे कैची, मारायची असेल तर तिचा हिशोब आत्ताच धरा. खांब ३ मीटरवर आणि वरच्या-खालच्या तारेत सव्वा मीटरच्या आत अंतर असेल, तर एक तिरपी तार जेमतेम ३.२ मीटरची होते. दोन तिरप्या म्हणजे दर तीन मीटरला साडेसहा मीटरच्या जवळ तार. प्रत्येक गाळ्यात कैची मारली तर तुमचे पाच तारांचे कुंपण तारेच्या हिशोबाने सात तारांचे झाले. मी कैची फक्त कोपऱ्यालगतच्या गाळ्यांत मारतो, आणि तीही उरलेल्या तुकड्यांतून. खालच्या हिशोबात ती धरलेली नाही.

३. फाटक वजा करा, टोके मिळवा

फाटक ४ मीटरचे, म्हणून प्रत्येक ओळीतून ४ मीटर वजा, इथपर्यंत सगळे येतात. फाटक तार वाचवते तशी खातेही, हे मात्र सहसा कोणी धरत नाही.

तार जिथे संपते तिथे ती खांबाला वेढा घालून स्वतःभोवतीच पिळावी लागते. १५ सेंटिमीटर जाडीच्या चौकोनी खांबाला एक वेढा म्हणजे ६० सेंटिमीटर. पुढे सहा-सात घट्ट पीळ, त्यात आणखी पंधरा-वीस. ओढताना पकडायला थोडे शेपूट हवे. मी प्रत्येक टोकाला सरळ एक मीटर धरतो. लोखंडी अँगलला यापेक्षा कमी लागते, जाड लाकडी ओंडक्याला थोडे जास्त.

फाटकामुळे एका बाजूचे दोन भाग होतात, म्हणजे दोन नवी टोके तयार होतात. चार मीटर वाचले, दोन मीटर टोकांत गेले. प्रत्येक ओळीला खरी बचत दोन मीटर. आणि माणसाच्या ये-जा साठी एक मीटरचा दिंडी दरवाजा ठेवला, तर एक मीटर वाचतो आणि दोन मीटर जातात. म्हणजे छोट्या दरवाजाने तार वाढते. ‘दरवाजांची जागा सोडून द्या’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे.

आता कोपरे. तार कोपऱ्याच्या खांबावरून वळवून पुढच्या बाजूला न्यायची नाही. प्रत्येक बाजू कोपऱ्याच्या खांबावर संपवायची आणि पुढची बाजू तिथूनच नव्याने सुरू करायची. वळवली की काटे खांबाला अडकतात, ताण कोपऱ्यापलीकडे पोचत नाही, आणि मग एक बाजू टणक व दुसरी झोळीसारखी लोंबते. शिवाय एका ठिकाणी तार तुटली की दोन्ही बाजू सैल होतात. तार वाचते म्हणून वळवणारे लोक प्रत्येक कोपऱ्याला ओळीमागे दोन मीटरच वाचवतात आणि पुढे दरवर्षी कुंपण आवळत बसतात.

बाजू सरळ नसून मध्येच थोडी वाकत असेल, तर तो कोपरा धरायची गरज नाही. तार वाकाच्या बाहेरच्या अंगाने न्या, म्हणजे ताणाने ती खांबावरच दाबली जाईल. आतल्या अंगाने नेली तर ती बांधणीसकट खांबापासून सुटायला बघते. वाक ठळक असेल, डोळ्याला लगेच कोन दिसत असेल, तर मात्र तिथे कोपऱ्यासारखा मजबूत खांब हवा आणि दोन टोके मिळवायला हवीत.

आपल्या शेतात फाटक ७४ मीटरच्या बाजूवर एका कोपऱ्यापासून २० मीटरवर धरू. म्हणजे त्या बाजूचे भाग २० आणि ५० मीटर. एका ओळीत आता पाच टप्पे झाले: ९६, २०, ५०, १०२ आणि ६८. बेरीज ३३६. पाच टप्प्यांची दहा टोके, म्हणून अधिक १० मीटर. एका ओळीला ३४६ मीटर आणि पाच ओळींना १,७३० मीटर.

पडताळा सोपा आहे. कोपऱ्याच्या प्रत्येक खांबाला दोन तिरपे टेकू लागतात, दोन्ही बाजूंच्या ताणासाठी एकेक. फाटकाच्या खांबाला एक. चार कोपऱ्यांचे आठ आणि फाटकाचे दोन, झाले दहा. टेकूंची संख्या आणि एका ओळीतल्या टोकांची संख्या सारखी आली नाही तर कुठेतरी एखादा टप्पा सुटला आहे.

४. रोलमध्ये खरी तार किती, ते वजनावरून काढा

रोल कुठे लांबीवर मिळतो, कुठे वजनावर. वजनावरचा असेल तर ‘एवढ्या किलोत एवढे मीटर’ हा ऐकीव आकडा घेऊ नका. तारेची जाडी कागदावर तीच असली तरी काटे साडेसात सेंटिमीटरवर आहेत की पंधरा सेंटिमीटरवर, यावरून किलोमागची लांबी पुष्कळ बदलते, कारण काट्यांचे लोखंड वजनात भरते आणि लांबीत काहीच भर घालत नाही.

ज्या रोलमधून घेणार त्याचा बरोबर दोन मीटरचा तुकडा सरळ करून कापा आणि घरातल्या छोट्या काट्यावर तोला. समजा तो २५० ग्रॅम भरला. म्हणजे मीटरला १२५ ग्रॅम आणि २५ किलोचा रोल २०० मीटरचा. तोच तुकडा २६० ग्रॅम भरला तर मीटरला १३० ग्रॅम आणि रोल १९२ मीटरचा. आठ मीटर म्हणजे काही फार नाही असे वाटेल, पण पुढच्या पायरीवर त्यांनी काय होते ते बघा. आणि रोलचे वजन लिहिलेले धरू नका, रोलही काट्यावर ठेवा. तो लाकडी किंवा पत्र्याच्या फिरकीवर गुंडाळलेला असेल तर तिचे वजन वजा करा.

५. रोलची वाटणी

खरी मेख इथे आहे. मलाही बराच काळ याच पायरीने छळले, आणि अजूनही मी हा हिशोब तोंडी करत नाही, वही घेऊन बसतो.

१,७३० भागिले २०० म्हणजे ८.६५, म्हणून नऊ रोल. नऊ रोलांत १,८०० मीटर तार, म्हणजे ७० मीटर शिल्लक. निवांत वाटते. पण तार पाण्यासारखी ओतता येत नाही, ती तुकड्यांनी लागते. प्रत्येक टप्प्याला एक अखंड तुकडा हवा. टोकांचे दोन-दोन मीटर मिळवून आपले तुकडे असे होतात: ९८, २२, ५२, १०४ आणि ७०. प्रत्येक मापाचे पाच-पाच. हे पंचवीस तुकडे २०० मीटरच्या रोलांत बसवायचे आहेत.

सर्वांत लांब तुकड्यापासून सुरुवात करा, कारण लहान तुकडे कुठेही बसतात आणि लांब तुकडा शेवटी कुठेच बसत नाही. १०४ च्या जोडीला ९८ जात नाही, २०२ होतात. पण १०४, ७० आणि २२ मिळून १९६ होतात. पाच रोल असे कापले की तिन्ही मापांचे सगळे तुकडे संपले. राहिले ९८ चे पाच आणि ५२ चे पाच. सहाव्या आणि सातव्या रोलमधून ९८ चे दोन-दोन निघतात, प्रत्येकी १९६. आठव्यातून ९८ चा शेवटचा आणि ५२ चा एक, म्हणजे १५० मीटर. नवव्यातून ५२ चे तीन, १५६ मीटर. आणि ५२ चा एक तुकडा बाकी राहतो.

शिल्लक काय आहे ते बघा. आठव्या रोलमध्ये ५० मीटर उरले, नवव्यात ४४, बाकीच्यांत चार-चार मीटरची शेपटे. एकूण तार भरपूर आहे, पण ५२ मीटरचा अखंड तुकडा कुठेच नाही. दोन मीटर कमी पडतात. दुसरी कशीही मांडणी केली तरी हे सुटत नाही. १०४ च्या कोणत्याही रोलमध्ये पुढे ७० किंवा ५२ यांपैकी एकच बसतो, त्यामुळे नऊ रोलांत या दोन मापांचे मिळून जास्तीत जास्त नऊच तुकडे निघतात. हवे आहेत दहा.

इथे बहुतेक जण दहावा रोल आणायला पळतात. थांबा. दहावा रोल टाळायच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट सांध्याची. ५० आणि ४४ चे तुकडे जोडा, त्यातून ५२ कापा, काम झाले. अख्ख्या कुंपणात एक सांधा. नीट केलेल्या एका सांध्याने काहीही बिघडत नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते: फाटक हलवा. फाटकाची जागा अजून पक्की नसेल तर ते कोपऱ्यापासून २० ऐवजी २२ मीटरवर घ्या. त्या बाजूचे भाग २२ आणि ४८ मीटर होतात आणि तुकडे २४ आणि ५०. एकूण तार तेवढीच, १,७३० मीटर. पण आता वाटणी अशी बसते:

रोल १ ते ५: १०४ + ७० + २४ = १९८
रोल ६ आणि ७: ९८ + ९८ = १९६
रोल ८: ९८ + ५० + ५० = १९८
रोल ९: ५० + ५० + ५० = १५०

नऊ रोल, एकही सांधा नाही, आणि शेवटी ५० मीटरचा एक अखंड तुकडा दुरुस्तीसाठी हातात. दोन मीटर सरकलेले फाटक रस्त्यावरून कोणाला कळतही नाही. म्हणून माझा आग्रह असतो की फाटकाचे खांब रोवण्याआधी ही वाटणी कागदावर करा. खांब काँक्रीटमध्ये बसले की ही सोय गेली.

तिसरी वाट टोकांवर काटकसर करण्याची, एक मीटरऐवजी ६५ सेंटिमीटर. तिच्या नादी लागू नका. ओढताना यंत्राच्या पकडीत द्यायला तार उरत नाही, मग माणसे हाताने ओढतात आणि ती ओळ पहिल्याच उन्हाळ्यात सैल पडते.

आता मागचे आठ मीटर आठवा. रोल १९२ मीटरचा निघाला तर नऊ रोलांत १,७२८ मीटर तार आली. गरज १,७३० ची. नुसत्या बेरजेतच दोन मीटर कमी, आणि वरची मांडणी तर सगळीच मोडते, कारण ९८ ची जोडी १९६ ची आहे आणि ती १९२ मध्ये बसत नाही. वर रोलमागे शिल्लक दोन-चार मीटरच आहे, म्हणजे रोल दोन टक्के जरी कमी निघाला तरी वही पुन्हा उघडावी लागते. यासाठीच तुकडा तोलायचा, आणि तो खरेदीआधी तोलायचा.

ओळी वाढवताना हीच वही पुन्हा काढा. सहावी ओळ वाढवली तर ३४६ मीटर जास्त लागतात, म्हणजे पावणेदोन रोलांच्या आत. प्रत्यक्षात मात्र पूर्ण दोन घ्यावे लागतात: १०४, ७० आणि २४ च्या मांडणीचे सहा, ९८ च्या जोड्यांचे तीन आणि ५० च्या सहा तुकड्यांचे दोन, एकूण अकरा. त्यात सांधा लागत नाही आणि शंभर मीटर उरतात. कैची मारायची हौस असेल तर ती तार इथून काढा.

आणि तो दहा टक्क्यांचा सल्ला? घेर ३४०, पाच ओळी १,७००, अधिक दहा टक्के, १,८७०. भागिले २००, साडेनऊच्या आत, म्हणून दहा रोल. एक पूर्ण रोल उगाच.

६. सांधा लागलाच तर

दोन्ही टोकांचे जवळचे काटे कापून काढा. प्रत्येक टोकाचा फास करा, दोन फास एकमेकांत अडकवा आणि प्रत्येक शेपूट आपापल्या तारेवर पाच-सहा वेळा घट्ट पिळा. दोन्ही बाजूंचे मिळून साठेक सेंटिमीटर तार जाते, ती हिशोबात धरा. दोन तारा नुसत्या शेजारी ठेवून बांधायच्या तारेने गुंडाळलेला सांधा ताण देताच सरकतो. पहिल्या दिवशी तो ठीक दिसतो, म्हणून तर फसवतो.

सांधा कोपऱ्याच्या किंवा फाटकाच्या खांबालगतच्या गाळ्यात घेऊ नका, तिथे ओढायचे यंत्र आणि पीळ यांना जागा हवी. सर्वांत वरच्या ओळीतही नको, कारण जनावर मान टाकते ती तिथे आणि माणूस रेलतो तोही तिथेच. मधल्या एखाद्या ओळीत, टप्प्याच्या मध्याजवळ घ्या. शिल्लक राहिलेली दहा-बारा मीटरची पाच-सहा शेपटे जोडून ‘अखंड’ ओळ करण्याचा चिकटपणा मात्र करू नका. ताण देताना सगळे सांधे थोडे थोडे आवळतात, तार लांब झाल्यासारखी होते आणि ओळ काही केल्या टणक होत नाही.

७. खांब आणि बांधायची तार

खांब ३ मीटरवर धरले तर घेर भागिले तीन करू नका, टप्प्यानुसार मोजा. प्रत्येक टप्पा भागिले तीन, अपूर्णांक वर घ्या, त्यातून एक वजा करा. ९६ ला ३१, २२ ला ७, ४८ ला १५, १०२ ला ३३, ६८ ला २२, असे मधले १०८ खांब. कोपऱ्याचे चार आणि फाटकाचे दोन धरून ११४, शिवाय दहा टेकू. मधल्या खांबांना पाच ओळी म्हणजे ५४० बांधण्या. प्रत्येकी २५ सेंटिमीटर धरले तर १३५ मीटर साधी बांधायची तार लागते. १६ गेजमध्ये ती सव्वादोन किलो होते, तीन किलो घ्या.

८. कापायचा क्रम

रोल आले की प्रत्येकावर खडूने त्याची मापे लिहा, उदाहरणार्थ ‘१०४, ७०, २४’. तार नेहमी मोठ्या तुकड्यापासून उलगडा. आधी २४ कापून घेतला आणि रोल तीन मीटर कमी निघाला, तर फटका १०४ ला बसतो. मोठ्यापासून कापलेत तर कमतरता सर्वांत छोट्या टप्प्यावर येते आणि तो तुकडा नवव्या रोलच्या शिल्लकीतून भागतो.

रोल सळईवर अडकवून दोघांनी चालत उलगडा. जमिनीवर आडवा ठेवून वेटोळी ओढलीत तर तारेला गाठी पडतात, आणि गाठ पडलेली तार ताणताना तिथेच तुटते. जाड चामडी हातमोजे घाला. कापताना एकाने कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभे राहावे, नाहीतर सुटलेले टोक वेटोळे होऊन उसळते आणि सरळ चेहऱ्याकडे येते.

आधी सर्व बाजूंची सर्वांत खालची ओळ पूर्ण करा, मग वर चढत जा. एकच बाजू पाचही ओळींनी आवळली तर कोपऱ्याचा खांब एकतर्फी ताणाने झुकतो, आणि दुसऱ्या बाजूच्या तारा चढवल्या तरी पूर्ण सरळ होत नाही. नवव्या रोलला शेवटपर्यंत हात लावू नका. त्यातले ५० चे तीन तुकडे वरच्या तीन ओळींना ठेवा, म्हणजे आधी कुठे काही कमी पडले तर त्याच्या शिल्लकीतून भरून काढता येते.